नाशिक खानदेशात येतं का? एक प्रश्न, तीन प्रकारच्या सीमा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे आकडे भरभर सांगितले ते इथे नीट मांडलेत, आणि छोटासा कोडही टाकलाय.

विषय आहे 'प्रदेश'. कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा, खानदेश ही नावं आपण रोज वापरतो. पण यातला एक प्रदेश नेमका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे कोण ठरवतं? आणि कसं?

माझा फ्लॅटमेट सटाण्याचा आहे. सटाणा म्हणजे नाशिक जिल्ह्यातला बागलाण तालुका. तो स्वतःला खानदेशी म्हणवतो. ऑफिसातली एक मैत्रीण नाशिकरोडची. तिचं म्हणणं, "नाशिक जिल्हा आहे ना तुझा? मग खानदेश कुठून आला? खानदेश म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबार." यावर आमचा फ्लॅटमेट म्हणतो, "तू एकदा आमच्या घरी ये, आजीशी बोल, मग सांग."

गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत. फक्त दोघं वेगवेगळ्या प्रकारच्या प्रदेशाबद्दल बोलतायत. भूगोलात प्रदेशाचे तीन मुख्य प्रकार मानतात: औपचारिक, कार्यात्मक आणि मनातला, म्हणजे लोकांच्या समजुतीतला. इंग्रजी पुस्तकांत त्यांना फॉर्मल, फंक्शनल आणि पर्सेप्च्युअल म्हणतात. प्रत्येकाची सीमा काढायची पद्धत वेगळी असते. आज आपण नाशिक ते धुळे हा एकच रस्ता धरू आणि त्यावर तिन्ही पद्धती लावून बघू.

पहिली पद्धत: एकसारखेपणा शोधा

औपचारिक प्रदेश म्हणजे असा भाग, जिथे एखादी मोजता येणारी गोष्ट सगळीकडे सारखी असते. पाऊस, माती, भाषा, पीक, कायदा, काहीही चालेल. जिल्हा हासुद्धा औपचारिक प्रदेशच, कारण त्याच्या आत सगळीकडे एकच जिल्हाधिकारी असतो. सीमा काढायची रीत सोपी आहे: निकष ठरवा, जागोजागी तपासा, आणि जिथे उत्तर 'हो'चं 'नाही' होतं तिथे रेघ मारा.

आपण आधी पाण्याचा निकष घेऊ. खानदेश म्हणजे तापीचं खोरं, असं समजा. नाशिकला रामकुंडावर पडलेला थेंब गोदावरीतून वाहत थेट बंगालच्या उपसागरात जातो. मालेगावात पडलेला थेंब मोसम-गिरणेतून तापीला मिळतो आणि सुरतजवळ अरबी समुद्रात जातो. एकाच जिल्ह्यातली दोन शहरं, पण पाणी देशाच्या दोन वेगळ्या बाजूंना! या दोघांना वेगळं करते ती सातमाळ्याची डोंगररांग. मुंबई-आग्रा महामार्गाने जाताना चांदवडपाशी ती आपल्याला लागते. रांगेच्या दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला गिरणा.

ही सीमा भूगोलात मिळू शकणाऱ्या सगळ्यात स्वच्छ सीमांपैकी एक. उंचीचा नकाशा असेल तर संगणक ती आपोआप काढतो, कारण प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा असतो: इथलं पाणी कुठल्या बाजूला उतरतं? दोन वेगळ्या माणसांनी काढली तरी जवळजवळ तीच रेघ येणार.

मग प्रश्न मिटला? नाही. कारण याच निकषाने पूर्णा नदीमुळे अकोलाही तापीच्या खोऱ्यात येतं, आणि अकोल्याच्या माणसाला तुम्ही खानदेशी म्हणालात तर तो आधी हसेल आणि मग चिडेल. म्हणजे रेघ अचूक आहे, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही. हे लक्षात ठेवा. एकच निकष घेतला की सीमा धारदार येते, पण प्रदेश भलताच असू शकतो.

म्हणून दुसरा निकष जोडायचा. भाषा घेऊ. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. 'तुझं नाव काय आहे' हे अहिराणीत 'तुनं नाव काय शे' असं होतं. आता गावोगाव जाऊन घरात बोलताना लोक काय म्हणतात याची नोंद करायची, आणि 'आहे'वाली गावं आणि 'शे'वाली गावं यांच्या मधून रेघ काढायची. भाषाशास्त्रात अशी रेघ प्रत्येक शब्दासाठी वेगळी काढतात. मग अनेक शब्दांच्या रेघा एकमेकींवर ठेवून बघतात. त्या एका पट्ट्यात दाटून आल्या तर तिथे बोलीची खरी सीमा आहे. विखुरल्या तर तिथे सीमा नाही, फक्त हळूहळू होणारा बदल आहे.

सटाणा, मालेगाव या बाजूला अहिराणी ऐकू येते, नाशिक शहराच्या मूळ बोलीत नाही. फ्लॅटमेटच्या आजीचा मुद्दा तो हाच. पण पाण्यासारखी ही रेघ धारदार नसते. एकाच घरात आजी 'शे' म्हणते, आई दोन्ही बोलते आणि नातू 'आहे' म्हणतो. शिवाय जनगणनेत मातृभाषा सांगताना घरी अहिराणी बोलणारा माणूस सरळ 'मराठी' असं सांगू शकतो. त्यामुळे सरकारी आकड्यांवरून काढलेला अहिराणीचा प्रदेश आणि कानाने ऐकून काढलेला प्रदेश हे दोन वेगळे नकाशे असतील.

तरीही पाणी आणि भाषा हे दोन निकष एकत्र लावले की अकोला बाहेर पडतं, नाशिक शहरही बाहेर पडतं, आणि सटाणा-मालेगाव आत राहतात. इथवर फ्लॅटमेट जिंकतोय.

दुसरी पद्धत: लोक कुठे जातात ते बघा

कार्यात्मक प्रदेशात एकसारखेपणा लागत नाही. तिथे एक केंद्र असतं आणि त्या केंद्राशी जोडलेला परिसर असतो. आत डोंगर असो, शेत असो, दोन भाषा असोत, फरक पडत नाही. प्रश्न एवढाच: इथली माणसं कामासाठी कुठे जातात? मोबाइल टॉवरची रेंज, वर्तमानपत्राच्या आवृत्तीचा टापू, दूध संघाचं क्षेत्र, हे सगळे कार्यात्मक प्रदेश. केंद्राजवळ ओढ जास्त, लांब गेलं की कमी. दुसऱ्या केंद्राची ओढ जिथे जास्त होते, तिथे सीमा.

ही सीमा कागदावर काढायचं एक जुनं सूत्र आहे. १९३१ मध्ये विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकाने किरकोळ खरेदीसाठी गुरुत्वाकर्षणासारखा नियम मांडला. शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी. पुढे पॉल कॉन्व्हर्स यांनी त्यावरून दोन शहरांच्या मधला तोडबिंदू काढायचं सूत्र दिलं. तोडबिंदू म्हणजे जिथे दोन्हीकडची ओढ समान होते ती जागा. कोड एवढाच:

```python
def break_point(dist, pop_a, pop_b, b=2):
    return round(dist / (1 + (pop_b / pop_a) ** (1 / b)))

print(break_point(158, 14.9, 3.76))      # 105
print(break_point(105, 14.9, 4.8))       # 67
print(break_point(105, 14.9, 4.8, b=1))  # 79
print(break_point(105, 14.9, 4.8, b=3))  # 62
```

लोकसंख्या लाखांत आहे, २०११ च्या जनगणनेची. नाशिक शहर सुमारे १४.९ लाख, धुळे ३.७६ लाख. रस्त्याने अंतर साधारण १५८ किलोमीटर. पहिल्या ओळीचं उत्तर येतं: नाशिकपासून १०५ किलोमीटर.

नकाशा उघडून बघा १०५ किलोमीटरवर काय आहे. मालेगाव! सूत्र म्हणतंय, मालेगाव बरोबर कुंपणावर बसलंय, अर्धं नाशिकचं आणि अर्धं धुळ्याचं.

ऐकायला भारी वाटतं, पण इथे थांबायला हवं. मालेगावची स्वतःची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४.८ लाख होती. म्हणजे धुळ्यापेक्षा जास्त! सूत्राला आपण दोनच शहरं सांगितली, म्हणून त्याने मधलं मोठं शहर रिकामी जागा समजून तिथे सीमा आणली. अशा सूत्राची ही ठरलेली चूक आहे. केंद्रं कोणती हे तुम्ही आधी ठरवता, आणि ती निवड चुकली की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. ती पकडायची युक्ती सोपी आहे: तोडबिंदू आला की तिथे खरोखर काय आहे ते जाऊन बघा.

म्हणून दुसरी ओळ. आता केंद्रं नाशिक आणि मालेगाव, मधलं अंतर १०५. तोडबिंदू येतो नाशिकपासून ६७ किलोमीटरवर. हे म्हणजे जवळपास चांदवड. तेच चांदवड, जिथे आपल्याला सातमाळ्याची रांग लागली होती.

पण लगेच खूश होऊ नका. प्रोग्रॅमरची सवय इथे कामाला येते: इनपुट थोडं हलवून बघायचं. अंतराचा घात २ हा काही निसर्गनियम नाही. रोजच्या भाजीसाठी माणूस लांब जात नाही, म्हणजे अंतराचा परिणाम जास्त, घात मोठा धरायला हवा. मोठ्या ऑपरेशनसाठी तो कितीही लांब जातो, म्हणजे घात छोटा. घात १ धरला तर सीमा ७९ किलोमीटरवर जाते, ३ धरला तर ६२ वर येते. म्हणजे सीमा ही रेघ नाही, सतरा किलोमीटरचा पट्टा आहे. पाण्याची सीमा डोंगरावर ठाम उभी होती, ही मात्र कामानुसार सरकते. चांदवड या पट्ट्यात येतं हे खरं, पण चांदवडच्या एखाद्या गल्लीपर्यंत बोट दाखवणं म्हणजे सूत्राकडून नको इतकी अपेक्षा करणं.

आणि काही बाबतीत लोकसंख्या हा निकषच निकामी ठरतो. कांदा घ्या. लासलगाव हे लोकसंख्येने छोटं गाव, पण कांद्याच्या बाजारात त्याचं नाव देशभर. शेतकरी ट्रॅक्टर भरतो तेव्हा तो शहराचा आकार बघत नाही, त्या दिवशीचा भाव बघतो. म्हणून सूत्र फक्त पहिला अंदाज. खरी सीमा काढायची तर गावागावात विचारायचं: माल कुठल्या बाजार समितीत नेता, मोठ्या डॉक्टरकडे कुठे जाता, लग्नाचा बस्ता कुठे बांधता, पोरगं कॉलेजला कुठे आहे? ज्या केंद्राला सगळ्यात जास्त उत्तरं, ते गाव त्या केंद्राचं.

कॉलेजवरून एक भारी उदाहरण. जळगावच्या विद्यापीठाच्या नावात 'उत्तर महाराष्ट्र' आहे, पण त्याचं क्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. नाशिक जिल्ह्यातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे. म्हणजे मालेगावचा बीएस्सीचा विद्यार्थी डिग्रीच्या बाबतीत पुण्याच्या प्रदेशात, कलेक्टर ऑफिसच्या बाबतीत नाशिकच्या, आणि रोजच्या खरेदीच्या बाबतीत मालेगावच्याच. एकच माणूस, एकाच वेळी तीन कार्यात्मक प्रदेशांत.

तिसरी पद्धत: लोकांना विचारा

आता मनातला प्रदेश. आजच्या सरकारी नकाशावर 'खानदेश' नावाचा जिल्हा नाही. इंग्रजांच्या काळात होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. नकाशावरून नाव पुसलं, पण लोकांच्या बोलण्यातून गेलं नाही. खानदेशी भरीत म्हटलं की आजही कुणी विचारत नाही की हा खानदेश कुठे आहे.

सटाणा-मालेगावचं कोडंही इथे उलगडतं. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला, तेव्हा मालेगाव आणि बागलाणचा भाग खानदेशातून काढून नाशिकला जोडला गेला. दीडशे वर्षं होऊन गेली, तरी फ्लॅटमेट स्वतःला खानदेशी म्हणतो. औपचारिक सीमा एका आदेशाने हलते. मनातली सीमा हलायला पिढ्या लागतात.

ही सीमा मोजायची कशी? थेट पद्धत म्हणजे कोरा नकाशा देऊन 'तुमच्या मते खानदेश कुठपर्यंत?' असं विचारायचं आणि सगळ्यांची चित्रं एकमेकांवर ठेवायची. दुसरी पद्धत दुकानांच्या पाट्या मोजायची. अमेरिकेत जॉन शेल्टन रीड या समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये शहरोशहरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या घेतल्या आणि किती धंद्यांच्या नावात 'डिक्सी' किंवा 'सदर्न' आहे ते मोजलं. नुसता आकडा मोठ्या शहरात मोठाच येणार, म्हणून त्याने तो 'अमेरिकन' हे नाव असलेल्या धंद्यांच्या तुलनेत मांडला. या गुणोत्तरावरून दक्षिणेचा प्रदेश कुठे पातळ होत जातो ते दिसलं.

आपण हे फोनवरच्या नकाशात 'खानदेश' शोधून करू शकतो, पण एक सापळा आहे. पुण्यात तुम्हाला कितीतरी 'खानदेशी' हॉटेलं सापडतील, म्हणून पुणे खानदेशात येत नाही. घरापासून लांब गेल्यावर हॉटेलवाला पाटीवर 'खानदेशी' लिहितो, कारण तिथे ते वेगळेपण विकलं जातं. म्हणून खाण्याची हॉटेलं वगळून मेडिकल, ट्रॅव्हल्स, हार्डवेअर अशा दुकानांची नावं मोजायची. तिथे 'खानदेश' म्हणजे फक्त 'आमच्या भागाचं'.

याच मनातल्या नकाशात आणखी एक नाव आहे: कसमादे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांची पहिली अक्षरं. कुठल्याही सरकारी यादीत हा विभाग नाही, पण त्या भागातल्या बातम्यांत आणि भाषणांत तो सतत भेटतो. म्हणजे तिथल्या लोकांनी 'आम्ही नाशिकचे की खानदेशचे' या भांडणातून स्वतःच तिसरी वाट काढलीय.

मग सीमा कुठे?

भूगोलकार अशा वेळी एकच रेघ काढायचा हट्ट सोडतात. डी. डब्ल्यू. माइनिग यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांच्या प्रदेशाचा अभ्यास करताना तीन थर मांडले. गाभा, जिथे सगळी लक्षणं दाट आहेत. त्याभोवतीचा अंमल, जिथे ती प्रबळ आहेत पण पातळ झालीत. आणि त्याबाहेरचा पसारा, जिथे ती माणसं इतरांमध्ये विखुरलेली आहेत.

खानदेशाला हे लावून बघा. गाभा धुळे, जळगाव आणि नंदुरबारमध्ये. अंमल कसमादेपर्यंत, सातमाळ्याच्या रांगेशी येऊन टेकलेला. आणि पसारा पार सुरतपर्यंत, जिथे कामासाठी गेलेल्या खानदेशी कुटुंबांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. नाशिक शहर मूळ अंमलात नाही, पण तिथे राहायला आलेल्या खानदेशी लोकांमुळे पसाऱ्यात नक्की आहे.

म्हणजे मैत्रिणीचं उत्तर बरोबर, तिच्या शहरापुरतं. फ्लॅटमेटचंही बरोबर, त्याच्या तालुक्यापुरतं. दोघांची चूक एवढीच, की ते अख्खा नाशिक जिल्हा एकाच डब्यात टाकत होते. जिल्हा हे एकक प्रशासनासाठी बनलंय. त्याच्या मधूनच पाणी, बोली आणि बाजार यांच्या सीमा जातात.

हा नुसता गप्पांचा विषय नाही. मालेगाव वेगळा जिल्हा करा, ही मागणी कित्येक वर्षं चालू आहे. सटाण्याहून मालेगाव साधारण ४० किलोमीटर, आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेलं नाशिक ९० च्या आसपास. कलेक्टर ऑफिसात एक कागद द्यायला निघालेल्या माणसाचा अख्खा दिवस या फरकात जातो. पण नवा जिल्हा करायचा तर त्यात कोणते तालुके घालायचे? कार्यात्मक सीमा बघायची, म्हणजे लोक आज कुठे जातात ते? की मनातली, म्हणजे लोकांना कुणाबरोबर राहायचंय ते? या दोन्हींची उत्तरं एक येतीलच असं नाही, आणि वादाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

पुढच्या वेळी कुणी नकाशावर बोट ठेवून म्हणालं, 'आमचा प्रदेश इथे संपतो', तर त्याला दोन प्रश्न विचारा. रेघ कशावरून काढली: सारखेपणावरून, जाण्यायेण्यावरून, की लोकांच्या सांगण्यावरून? आणि निकष थोडा हलवला तर रेघ किती सरकते? जागची हलली नाही तर तिथे खरोखर काहीतरी उभं आहे, सातमाळ्यासारखं. पंधरा-वीस किलोमीटर सरकली तर तिथे रेघ नाही, पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यातल्या माणसाला 'तू नेमका कुठला' असं विचारलं की तो आधी थोडा थांबणारच.

तुमचं गाव अशा पट्ट्यात येतं का? 'आहे'चं 'शे' होतं, 'हाय' होतं की आणखी काही, ते ऐका आणि कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!